सोयाबीनचा हमीभाव आणि हवाईची हवा: खोट्या सहसंबंधाची शंभर वर्षं

पेट किंवा नेटचा सराव करताना या वळणाचा प्रश्न तुमच्यासमोर कधीतरी येतोच. दोन कालश्रेणींचं रिग्रेशन केलं, आर-स्क्वेअर ०.९७ आला, डर्बिन-वॉटसन ०.८७ आला, भाष्य करा. बरेच जण लिहितात की मॉडेल उत्तम बसलंय, फक्त ऑटोकोरिलेशनचा थोडा दोष आहे, तो दुरुस्त करावा. उत्तर चूक आहे. आणि ते का चूक आहे हे नीट सिद्ध व्हायला संख्याशास्त्राला १९०५ पासून १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली. हा इतिहास समजला की पाठांतराची गरज उरत नाही, म्हणून आज तोच सांगतो.

वर दिलेले आकडे मी मनानं घेतलेले नाहीत. ते आपल्या भागातल्या एका श्रेणीतून आलेत. आमच्या शिरूर अनंतपाळला काय किंवा निलंगा-औशाला काय, खरिपात चर्चा असते सोयाबीनची, आणि दरवर्षी केंद्र सरकार सोयाबीनचा हमीभाव जाहीर करतं. २०१३-१४ ते २०२४-२५ हे बारा हंगाम घ्या. पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला २५६० रुपयांवरून ४८९२ रुपयांवर गेला. त्यात २०१६ आणि २०१७ च्या आकड्यांत बोनस धरलेला आहे. आता याच्याशी अजिबात संबंध नसलेली दुसरी श्रेणी घेऊ. हवाई बेटावर मौना लोआ नावाच्या ज्वालामुखीवर एक वेधशाळा आहे, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्याची वार्षिक सरासरी, दशलक्षात किती भाग, एका दशांशापर्यंत. तुमच्या संगणकावर आर असेल तर हे चालवून बघा:

```
msp <- c(2560,2560,2600,2775,3050,3399,
         3710,3880,3950,4300,4600,4892)
co2 <- c(396.7,398.8,401.0,404.4,406.8,408.7,
         411.7,414.2,416.4,418.5,421.1,424.6)
summary(lm(msp ~ co2))
cor(diff(msp), diff(co2))
```

सहसंबंध ०.९८७ येतो. आर-स्क्वेअर ०.९७. टी-मूल्य १९ च्या पुढे, म्हणजे सारणीतल्या कुठल्याही पातळीला 'अत्यंत लक्षणीय'. उतार साधारण ९० येतो. शब्दांत सांगायचं तर हवाईच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा दशलक्षात एक भाग वाढला की लातूरच्या शेतकऱ्याचा हमीभाव ९० रुपयांनी वाढतो! मोंढ्यात जाऊन हे कुणा आडत्याला सांगितलंत तर तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल. पण हाच आकडा कार्बनऐवजी 'कृषी पतपुरवठा' किंवा 'खतांचा वापर' अशा नावाखाली प्रबंधात आला असता, तर कुणी हसलं नसतं. धोका तिथे आहे. हास्यास्पद जोडी लगेच पकडली जाते. पटण्यासारखी जोडी प्रबंधात पाच प्रकरणं राहते आणि सरकारी शिफारशीपर्यंत पोहोचते.

आता रिग्रेशनमधून उरलेले अवशेष पाहा, म्हणजे खरा हमीभाव वजा रेषेनं सांगितलेला हमीभाव. २०१३ ला तो सुमारे २६० रुपये वर आहे, २०१४ ला ७० वर. मग २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं खाली. शेवटची तीन वर्षं पुन्हा सलग वर. अवशेष गठ्ठ्यानं येतात, सुटे येत नाहीत. डर्बिन-वॉटसन नेमकं हेच मोजतं. अवशेष एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर ते २ च्या आसपास येतं, आणि यंदाचा अवशेष गेल्या वर्षीच्या अवशेषासारखाच असेल तर ० कडे सरकतं. इथे ते ०.८७ आहे.

शेवटी पहिला फरक घेऊ. या वर्षीच्या आकड्यातून गेल्या वर्षीचा वजा करायचा, बस. हमीभावाची श्रेणी होते ०, ४०, १७५, २७५, ३४९, ३११, १७०, ७०, ३५०, ३००, २९२. कार्बनची होते २.१, २.२, ३.४, २.४, १.९ अशी पुढे. बाराचे अकरा आकडे उरले. यांचा सहसंबंध येतो फक्त ०.२०, आर-स्क्वेअर ०.०४, टी ०.६ च्या आसपास. ज्या वर्षी हवेतला कार्बन जास्त वाढला त्या वर्षी हमीभावही जास्त वाढला, असं काहीच दिसत नाही. ०.९८७ चं नातं एका वजाबाकीत विरघळलं.

ही वजाबाकी सुरुवातीला करणाऱ्यांपैकी एक कोण? इंग्लंडच्या कृषी मंडळात काम करणारे आर. एच. हूकर. त्यांना आधी लग्नांचं प्रमाण आणि व्यापाराची तेजी-मंदी यांचा संबंध शोधायचा होता. दोन्ही श्रेणींना दीर्घकाळाची स्वतःची चाल होती, आणि सहसंबंध काढला की ती चालच बोलायची, वर्षावर्षाचं चढउतार गप्प बसायचं. १९०१ मध्ये त्यांनी फिरत्या सरासरीपासूनचं अंतर घेऊन पाहिलं. १९०५ मध्ये धान्याच्या किमतींवर लिहिताना ते सरळ फरकांवर आले. लक्षात घ्या, हूकरकडे युनिट रूट नव्हतं, कसली चाचणी नव्हती. त्यांनी फक्त प्रश्न बदलला. 'पातळी उंच असताना दुसरी पातळी उंच असते का' हा एक प्रश्न. 'एक वाढल्यावर दुसरी वाढते का' हा वेगळा प्रश्न. हमीभावाच्या उदाहरणात आपण हेच केलं.

पुढे १९१४ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणारे गॉसेट यांनी (तेच, टी-चाचणीवाले, गिनेस कंपनीच्या दारूभट्टीत नोकरीला होते) ही पद्धत पुढे नेली. सहसंबंध बदलायचा थांबेपर्यंत फरकाचे फरक घेत जा, असा त्यांचा सल्ला. त्यांच्या त्या लेखाच्या शीर्षकातच खोट्या सहसंबंधाचा उल्लेख होता. पण समजूत अशी होती की दोष 'काळा'चा आहे. दोन्ही गोष्टी काळाबरोबर वाढतात, काळ हा तिसरा लपलेला घटक, तो काढून टाकला की झालं.

आजही बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. विचारलं तर सांगतात, "सर, दोन्हींत ट्रेंड आहे ना, म्हणून." माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे, आणि उरलेलं अर्धं १९२६ मध्ये जॉर्ज उडनी यूल यांनी दिलं.

यूल रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि हे त्यांचं अध्यक्षीय भाषण होतं. विषयच असा की काळाच्या श्रेणींमध्ये कधीकधी निरर्थक सहसंबंध का मिळतात. उदाहरण त्यांनी झणझणीत निवडलं. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीनं झालेल्या लग्नांचं प्रमाण, आणि त्याच काळातला मृत्युदर. सहसंबंध ०.९५१२. म्हणजे चर्चमधली लग्नं घटली म्हणून माणसं कमी मरू लागली का? यूल म्हणाले की 'काळ' हे कारण सांगणं मला पटत नाही, कारण काळ स्वतः काही घडवत नाही. मग त्यांनी यादृच्छिक संख्यांपासून हातानं श्रेण्या तयार केल्या. काही साध्या. काही अशा की ज्यांचे फरक यादृच्छिक आहेत. काही अशा की ज्यांच्या फरकांचेही फरक यादृच्छिक आहेत. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या श्रेण्यांच्या जोड्या लावल्या आणि सहसंबंध काढत गेले.

साध्या श्रेण्यांच्या जोड्यांत सहसंबंध शून्याभोवती जमले, जसे जमायला हवेत. दुसऱ्या प्रकारात ते सगळीकडे पसरले, ०.६, -०.५, काहीही. तिसऱ्या प्रकारात तर कमाल झाली. शून्याजवळ सगळ्यात कमी, आणि +१ व -१ च्या टोकांना सगळ्यात जास्त. संबंध नसताना 'जवळजवळ पूर्ण संबंध' दिसणं हाच तिथे सर्वसामान्य निकाल होता.

मधला प्रकार नीट समजून घ्या, कारण तुमचे बहुतेक आर्थिक आकडे त्या जातीचे असतात. तो असा लिहितात:

yₜ = yₜ₋₁ + eₜ

याला रँडम वॉक म्हणतात. यात ट्रेंड नाही. वर जायची ओढ नाही, खाली जायची नाही. फक्त प्रत्येक धक्का कायमचा साठून राहतो. अशी श्रेणी एकदा वर सरकली की बराच काळ वरच रेंगाळते, मग कधीतरी खाली येऊन तिथे रेंगाळते. पन्नास वर्षांचे पन्नास आकडे दिसतात, पण त्यात खरी घडामोड दोन-तीनच मोठ्या वळणांची असते. दुसरी श्रेणीही तशीच. आता दोन-तीन वळणांची दोन-तीन वळणांशी तुलना केली तर ती एकतर बऱ्यापैकी जुळतात किंवा बऱ्यापैकी उलटी पडतात. मधलं 'काहीच संबंध नाही' हे उत्तर मिळायला वावच कमी. पन्नास आकड्यांच्या साध्या स्वतंत्र श्रेण्यांमध्ये सहसंबंधाचं प्रमाण विचलन ०.१४ असतं. दोन स्वतंत्र रँडम वॉकसाठी ते सुमारे ०.४९ आहे, आणि श्रेणी लांबवली तरी कमी होत नाही. हा ०.४९ चा आकडा गणितानं काढायला २०१७ साल उजाडलं. अर्न्स्ट, शेप आणि वायनर या तिघांनी तो काढला, यूलचं भाषण छापलं गेल्यानंतर एक्याण्णव वर्षांनी.

स्टेशनॅरिटी ही संकल्पना इथे येते. (दुकानातल्या वही-पेनाशी तिचा संबंध नाही, पण पहिल्या वर्षाच्या वर्गात हा विनोद झाल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही.) व्याख्या पुस्तकात आहेच: सरासरी आणि विचरण काळानुसार बदलत नाही, आणि दोन आकड्यांमधला सहविचरण फक्त त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतो. पण मी तिच्याकडे असं बघतो, की श्रेणी धक्का विसरते की लक्षात ठेवते? आपला पाऊस घ्या. २०१५ ला मराठवाड्यात दुष्काळ पडला, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. २०१५ ची तूट पुढच्या पावसानं आपल्या डोक्यावर वाहिली नाही. ढगांना गेल्या वर्षीचा हिशोब नसतो. अशी श्रेणी साधारण स्टेशनरी असते, दूर गेली तरी आपल्या सरासरीकडे परत येते. हमीभावाचं उलट आहे. एका वर्षी ३४९ रुपये वाढले की पुढची घोषणा त्या वाढलेल्या आकड्यावरच उभी राहते. ती वाढ श्रेणीतून पुन्हा निघत नाही.

यूलचं भाषण छापलं गेलं, वाचलंही गेलं, आणि मग अर्थशास्त्रज्ञांनी ते जवळजवळ अर्धं शतक बाजूला ठेवलं. संगणक आले, मोठी मॉडेलं आली, आर-स्क्वेअर ०.९९ असलेले लेख छापले जाऊ लागले. १९७४ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातले क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी यूलचाच प्रयोग संगणकावर केला, फक्त सहसंबंधाऐवजी रिग्रेशन आणि टी-चाचणी घेऊन. प्रत्येकी ५० आकड्यांचे दोन स्वतंत्र रँडम वॉक, असं शंभर वेळा. ५ टक्के पातळीच्या चाचणीनं शंभरात पाचेक वेळा चुकायला हवं. ती सुमारे तीन-चतुर्थांश वेळा चुकली. 'स्प्युरियस रिग्रेशन' हे नाव तिथून रूढ झालं. त्यांनी एक खूणही सांगितली. आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला तर संशय घ्या. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: ०.९७ हे ०.८७ पेक्षा मोठं आहे. हा 'थोडा दोष' नसून त्या टी-मूल्यावर अजिबात विश्वास ठेवू नका असा इशारा आहे.

"आकडे कमी आहेत म्हणून असं झालं, जास्त घेतले की सुधारेल," असं वाटणं साहजिक आहे. १९८६ मध्ये पीटर फिलिप्स यांनी सिद्धांतानं दाखवलं की नेमकं उलट होतं. अशा रिग्रेशनमध्ये टी-मूल्य आकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या गतीनं वाढत जातं. आकडे चौपट केले की खोटं टी-मूल्य साधारण दुप्पट होतं. जास्त माहिती, जास्त ठाम चूक.

आता फरक घेण्याच्या मर्यादा. हा भाग परीक्षेत कमी विचारतात, पण प्रबंधात जास्त नडतो.

पहिली गोष्ट, ज्या श्रेणीला गरज नाही तिचा फरक घेतला की नवीन दोष तयार होतो. पावसाचा फरक घेऊन बघा. पाऊस वर्षावर्षाला स्वतंत्र मानला, तर कोरड्या वर्षाआधीचा फरक उणे येतो आणि लगेच नंतरचा अधिक, कारण तेच कोरडं वर्ष दोन्ही फरकांत आहे, एकदा शेवटी आणि एकदा सुरुवातीला. परिणामी शेजारच्या फरकांमध्ये -०.५ चा सहसंबंध निर्माण होतो, जो मूळ पावसात नव्हताच. मार्गदर्शकांनी 'सगळ्या चलांचा पहिला फरक घ्या' असा सरसकट आदेश दिला तर पावसाचा चल वाचवायची जबाबदारी तुमची.

म्हणून आधी चाचणी. डिकी आणि फुलर यांची चाचणी १९७९ मधली. फरकाचं रिग्रेशन गेल्या वर्षीच्या पातळीवर करायचं आणि तिचा सहगुणक शून्याहून पुरेसा उणे आहे का बघायचं. पण तुलना नेहमीच्या टी-सारणीशी करायची नाही. स्थिरांक असेल तर ५ टक्क्यांची सीमा -२.८६ आणि ट्रेंडही असेल तर -३.४१, तीही मोठ्या नमुन्यासाठी. माझ्या बारा आकड्यांवर ही चाचणी लावली तर तिला काही दिसणारच नाही, कारण इतक्या कमी आकड्यांत रँडम वॉक आणि मंद गतीनं परत येणारी श्रेणी यांत फरक करायची ताकद तिच्यात नाही. 'युनिट रूट नाकारता आलं नाही' याचा अर्थ 'युनिट रूट आहेच' असा होत नाही.

आपल्या भागातल्या जिल्हा आकडेवारीत अजून एक सापळा आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. तुम्ही उस्मानाबादच्या पेरणी क्षेत्राची १९६० पासूनची श्रेणी घेतलीत, तर त्या वर्षी आकडा एकदम खाली पडतो आणि खालीच राहतो. शेतात काहीही झालेलं नाही, फक्त नकाशा बदलला. डिकी-फुलर चाचणीला मात्र तो 'कायमचा साठलेला धक्का' दिसतो आणि ती स्टेशनरी श्रेणीलाही युनिट रूट आहे म्हणते. १९८९ मध्ये पेरॉन यांनी हा मुद्दा अमेरिकेच्या महामंदीच्या आणि तेलधक्क्याच्या संदर्भात मांडला होता. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, राजपत्र बघितलं की पुरे. श्रेणीचा आलेख काढल्याशिवाय आणि जिल्ह्याच्या-तालुक्याच्या सीमा कधी बदलल्या हे तपासल्याशिवाय चाचणीकडे जाऊच नका.

दुसरी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आणि इंदूरच्या बाजारातला भाव घ्या. दोन्ही रँडम वॉकसारखे भटकतात. पण हे दोघं एकमेकांपासून फार लांब भटकू शकत नाहीत. तफावत वाहतूक आणि हमालीच्या खर्चापेक्षा जास्त झाली की कुणीतरी ट्रक भरतो, आणि ती मिटू लागते. इथे पातळीतलं नातं खरं आहे. तुम्ही घाबरून फक्त फरक घेतलेत, तर 'आज इंदूरला वाढला तर आज लातूरला वाढला का' एवढंच कळेल. 'तफावत पडली तर ती किती दिवसांत भरून निघते' हे कळणारच नाही, कारण तफावत पातळीत असते आणि पातळी तुम्ही वजा करून फेकून दिली. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनीही १९७४ मध्ये फरक हा रामबाण नाही असं म्हटलं होतं. त्यातून पुढे ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांचं १९८७ चं कोइंटिग्रेशनवरचं काम आलं, आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मग मोंढ्याचा भाव आणि हमीभाव यांचं काय? हा प्रश्न पावलापुरता नाही, पोटापुरता आहे. हमीभाव वाढवला की बाजारभाव खरंच वर ओढला जातो, की महागाईमुळे दोन्ही आपापले चढतात? २०२४ च्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खाली होता, हे आपल्याकडे प्रत्येक सोयाबीनवाल्याला माहीत आहे. वार्षिक पातळींचं साधं रिग्रेशन इथे मोठा आर-स्क्वेअर देईल, आणि तो आकडा या दोन शक्यतांमध्ये काहीही निवडून देणार नाही. हवाईच्या हवेनंही तसाच दिला होता.

एंगल-ग्रेंजरची वाट अशी. आधी दोन्ही श्रेणी वेगवेगळ्या तपासा, दोन्हींना एकदाच फरक घ्यावा लागतो का ते. तसं असेल तर पातळींचं रिग्रेशन करा, पण त्याचं टी-मूल्य वाचू नका, फक्त अवशेष बाजूला काढा. त्या अवशेषांवर डिकी-फुलर लावा. इथे पुन्हा सीमा बदलते. अवशेष तुम्ही स्वतः लहानात लहान होतील असे निवडले आहेत, त्यामुळे ते मुळातच स्टेशनरीसारखे दिसतात. म्हणून दोन चलांसाठी ५ टक्क्यांची सीमा -२.८६ नाही, -३.३४ आहे. सॉफ्टवेअरला हे अवशेष आहेत हे माहीत नसतं, ते बिनधास्त -२.८६ शी तुलना करून 'कोइंटिग्रेशन आहे' असं छापून देतं. आकडे वार्षिक न घेता महिन्याचे घ्या, म्हणजे चाचणीला काही ताकद राहील. मात्र हमीभाव वर्षातून एकदाच बदलतो, महिन्याच्या श्रेणीत तो पायऱ्यांसारखा दिसेल, आणि बारापैकी अकरा महिने त्याचा फरक शून्य येईल. त्यामुळे लातूर-इंदूरच्या जोडीसाठी ही पद्धत सरळ चालते, हमीभावाच्या जोडीसाठी चालत नाही. तिथे घोषणेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांतले मोंढ्याचे भाव वेगळे काढून बघावे लागतात.